स्पॅनिशमधला तगादा

गेल्या वर्षी अकोल्यात माझा सत्कार झाला. वक्त्यांनी आमच्या पेढीचा जुना किस्सा सांगितला: स्पॅनिश पत्रं लिहिणारा पहिला कारकून इतका मऊ होता की थकबाकीदाराच्या हातापाया पडायचा, मग आजच्या सत्कारमूर्तींनी एक खणखणीत पत्र लिहिलं आणि बुडालेले पैसे वसूल झाले. लोक हसले. मीही हसलो. हा किस्सा पन्नास वर्षं मीच सांगत आलो आहे, आणि तो खोटा आहे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. अकोल्यात कापसाच्या मोठ्या विदेशी कंपन्या होत्या, त्यांच्यापुढे आमच्या शेठजींची पेढी लहान. जिनिंगमध्ये उरणारा आखूड धाग्याचा, कचऱ्याचा कापूस मोठ्या कंपन्या घेत नसत. तो आमचे शेठजी मुंबईमार्गे बार्सिलोनाला पाठवत. तिथले लहान कारखानदार त्याच्या गाद्या आणि जाड सूत करत. त्यांना इंग्रजी येत नसे, म्हणून पेढीवर स्पॅनिश पत्रव्यवहाराला एक माणूस होता. त्याला सगळे मास्तर म्हणत.

मास्तर अमरावतीच्या भिक्षुक घराण्यातले. तरुणपणी घर सोडून मुंबईला गेले, तिथून एका सिंधी व्यापाऱ्याच्या नोकरीत स्पेनच्या ताब्यातल्या एका बेटावर. तिथे दुकान सांभाळत बारा-पंधरा वर्षं काढली. परत आले तेव्हा नातेवाइकांनी पंगतीत पान वेगळं मांडलं. माणूस गोड मुळीच नव्हता. धोतरावर कोट, खिशात बेटावरून आणलेला रुमाल, आणि प्रत्येक वाक्यात बेटाची फुशारकी. मला त्यांच्या हाताखाली शिकायला दिलं होतं. मी वकिलाचा मुलगा, इंटर नापास. मास्तर माझी वही सगळ्यांसमोर वर धरून म्हणायचे, "हे स्पॅनिश वाचून तिकडचं गाढवसुद्धा रडेल." दोन वर्षांत मी भाषा शिकलो आणि त्यांचा द्वेष करायलाही शिकलो. पेढीला स्पॅनिशची दोन माणसं परवडत नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मोठ्या गिऱ्हाइकांचा व्यवहार बँकेतून चाले. पैसे भरल्याशिवाय मालाची कागदपत्रं सुटत नसत. एका लहान गादीवाल्याला मात्र शेठजींनी तीन महिन्यांच्या उधारीवर माल दिला होता. म्हातारा माणूस, चार-पाच कामगार, वर्षानुवर्षं चोख. त्या वर्षी त्याची मुदत उलटून दोन महिने झाले. शेठजींनी मास्तरांना तगादा लिहायला सांगितलं.

ते पत्र मला आजही पाठ आहे. 'मुय सेन्योर नुएस्त्रो', म्हणजे आपल्याकडचं 'राजमान्य राजश्री'. आधी जुन्या संबंधांबद्दल दोन शब्द. मग कोणत्या बिलाचे, किती गाठींचे, कोणत्या तारखेला देय झालेले पैसे आले नाहीत, हे एका वाक्यात, विशेषण न लावता. नजरचुकीनं राहिलं असावं असं आम्ही समजतो. तिकडे परकीय चलनाला सरकारी परवानगी लागते असं ऐकतो. तीच अडचण असेल तर मोकळेपणानं कळवा, अर्धे आता आणि अर्धे नंतर असं ठरवता येईल. येत्या महिनाअखेरपर्यंत उत्तराची वाट पाहतो. हिशेब मिटेपर्यंत पुढची खेप मात्र चढवता येणार नाही. पैसे आधीच रवाना केले असतील तर हे पत्र न आल्यासारखं समजावं. आणि शेवटी सहीच्या वर चार अक्षरं, ज्यांचा अर्थ 'आपल्या हाताचं चुंबन घेणारे'. तिकडचे नवे व्यापारी तोवर चुंबनाच्या जागी हस्तांदोलन लिहू लागले होते, पण मास्तरांनी जुनी रीत सोडली नव्हती.

सही करताना मला म्हणाले, "दार उघडं ठेवायचं, पण उंबरठ्यावर पाय ठेवून उभं राहायचं. तगादा असा असतो. लिहून ठेव, गाढवा."

ओल्या पातळ कागदावर दाबून पत्राची नक्कल काढली गेली आणि पत्र टपालात पडलं. बार्सिलोनाचं टपाल जाऊन उत्तर यायला सव्वा-दीड महिना लागायचा. चौथ्या आठवड्यातच शेठजींचा धीर सुटला. मास्तर त्या दिवशी जिनिंगवर गेले होते. शेठजींनी मला गादीसमोर बोलावलं. त्यांना स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं.

"मास्तरानं काय लिहून पाठवलं त्याले? वाच बरं मराठीत."

मी नक्कल उघडली. उत्तर यायची वेळच झालेली नाही, हे मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी वाचायला लागलो. नजरचूक वाचली, अर्धे आता आणि अर्धे नंतर वाचलं. पुढची खेप चढणार नाही, ते वाक्य गाळलं. 'पैसे आधीच रवाना केले असतील तर' हे तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि 'हे पत्र न आल्यासारखं समजावं' मोठ्यानं म्हटलं. मग चुंबनाजवळ येऊन थांबलो, जणू वाचायची लाज वाटते आहे.

"काहून थांबला?"

"शेठजी, खाली लिहिलंय, आपल्या हाताचे मुके घेणारे."

गादीजवळचे मुनीम, हमाल, तोलणारे, सगळे वळून पाहू लागले. मग कोणीतरी फसकन हसलं.

"माह्या पैशापायी हा त्याचे मुके घेऊन राहिला?" शेठजी म्हणाले.

आम्ही स्वतः रोज 'शिरसाष्टांग नमस्कार' लिहायचो आणि कोणी जमिनीवर लोटांगण घालत नव्हतं. हे तेव्हा मला आठवलं नाही असं म्हणणं सोपं आहे. आठवलं होतं.

मास्तर परत आले तोवर सगळ्या पेढीला कळलं होतं. शेठजींनी त्यांना बसायला सांगितलं नाही. मास्तरांनी रीत समजावून सांगितली, पूजेच्या संकल्पात देशकालाचा उच्चार करतात तसं हे, असं म्हणाले. भिक्षुकाचा मुलगा पुन्हा भिक्षुकी सांगायला लागला, म्हणून हशा पिकला. मग ते म्हणाले, "खेप चढणार नाही असं लिहिलंय ना त्यात. ह्याला विचारा. हा वाचून दाखवेल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तसं काहीतरी आहे," मी म्हणालो, "पण फार गोल गोल आहे."

शेठजींनी एका तोलणाऱ्याला खूण केली. त्यानं आपला धुळीनं माखलेला हात मास्तरांपुढे धरला आणि म्हणाला, "घ्या मास्तर, आमचाही घ्या." मास्तर हललेसुद्धा नाहीत. तो हात बराच वेळ त्यांच्या तोंडासमोर तसाच राहिला. माझ्यासकट सगळे हसत होते. त्याच संध्याकाळी त्यांचा हिशेब झाला आणि त्यांची खुर्ची मला मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी नवा तगादा लिहिला. नमस्कार नाही, जुन्या संबंधांचा उल्लेख नाही. पंधरा दिवसांत पैसे न आले तर बार्सिलोनातल्या सगळ्या व्यापाऱ्यांना कळवू आणि कोर्टात खेचू, असं लिहिलं. शेठजींना मराठीत वाचून दाखवलं, ह्या वेळी काही न गाळता. ते खूश झाले.

दहाच दिवसांनी मास्तरांच्या पत्राचं उत्तर आलं. माझं पत्र तेव्हा अजून समुद्रावर होतं. म्हाताऱ्यानं अर्ध्या रकमेचा ड्राफ्ट पाठवला होता. चलनाची परवानगी अडकली होती, बाकी रक्कम सुटताच धाडतो, असं होतं. गप्प राहिल्याबद्दल माफी होती. पुढे लिहिलं होतं की लाजेमुळे उत्तर देत नव्हतो, पण आपली पत्रं लिहिणाऱ्या गृहस्थांनी अडचण विचारली म्हणून लिहायचा धीर झाला, त्यांना माझा नमस्कार सांगावा.

शेठजींनी ड्राफ्ट पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "पाहा, तुह्या पत्रानं कसा वठणीवर आला."

माझं पत्र तेव्हा बार्सिलोनालाही पोचलं नसेल. मुनीम ते सहज मोजू शकला असता, पण मोजायला कोणी गेलं नाही. मी शेठजींना ड्राफ्टपुरतं सांगितलं. महिन्यानं बाकीची रक्कमही आली. सोबत दोन ओळी होत्या: हिशेब संपला, यापुढे आपल्याशी व्यवहार नाही. शेठजींना मी फक्त 'हिशेब संपला' एवढं वाचून दाखवलं. माझा पगार वाढला.

म्हाताऱ्याच्या त्या दोन पत्रांच्या मधल्या दिवसांत मास्तर एकदा माझ्या घरी आले. कोट तोच, रुमाल दिसला नाही. आईनं पाट दिला, पण ते बसले नाहीत. मुंबईच्या एका पेढीला स्पॅनिश लिहिणारा हवा होता. त्यांनी मास्तरांना बोलावलं होतं, पण अकोल्याची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती. मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं की गिऱ्हाइकाचं उत्तर येऊ द्या, मग ठरवा माझं पत्र कसं होतं. घरी मुलीचं लग्न ठरत होतं आणि वऱ्हाडात दुसऱ्या कोणाला स्पॅनिशची गरज नव्हती.

मला ते पहिल्यांदाच 'अहो' म्हणाले.

"अहो, म्हाताऱ्याचं उत्तर आलं का? नुसती नक्कल द्या. मूळ पत्र नको."

ते उत्तर माझ्या पेढीवरच्या खणात होतं. नक्कल करायला पाव तास लागला असता.

"नाही आलं, मास्तर."

"माझ्या पत्राला नाहीच?"

"माझ्या पत्रानंतर पैसे आले. तुमच्या पत्राला काही नाही."

त्यांनी मनात तारखांचा हिशेब केला असणार. तो माणूस दिवस मोजल्याशिवाय राहणारा नव्हता. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मी नजर वळवली नाही, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. त्यांना कळलं, आणि मला कळलं की त्यांना कळलं. हातात पुरावा नसलेल्या माणसाला कळून काय उपयोग, हेही आम्हा दोघांना कळलं.

"तुझं स्पॅनिश आता बरं झालंय," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

मुंबईच्या पेढीनं दुसरा माणूस घेतला. मास्तर दर्यापूरला एका अडत्याकडे चिठ्ठ्या लिहायला राहिले. मुलीचं ठरलेलं मोडलं, असं नंतर ऐकलं. मी चौकशी केली नाही. काही वर्षांनी स्पेनमध्ये युद्ध पेटलं आणि आमचा तो व्यापारच बंद पडला. कोणी विचारलंच, तर मी खणखणीत पत्राचा किस्सा सांगायचो. त्यात मास्तरांच्या बोलण्याची नक्कलही करायचो, चांगली जमायची.

मास्तर गेले त्याला आता चाळीस वर्षं झाली. सत्काराच्या सभेत त्यांचं कोणी असेल तर मला माहीत नाही. ते पैसे मास्तरांच्या पत्रानं आले होते. गिऱ्हाईक माझ्या पत्रानं गेलं.