तानीचा आंबा

"...तर तो उंटवाला आंब्याखाली जीभ बाहेर काढून पडलेला. मी घागर घिऊन पळालो. पानी पेला अन् म्हनला, बाबा, ह्या झाडाखाली माझी तान भागली. तवापासून तानीचा आंबा."

कालची अर्धी राहिलेली गोष्ट सटवाजीतात्यांनी आज पुरी केली. शेजारच्या भुजंगानं ती वीसदा ऐकली होती.

"काल तर घोडेवाला व्हता की, तात्या."

"घोडा काय, उंट काय. तान एकच."

तात्या खुशीत होते. सेलूला वकिलाकडं कारकुनी करणाऱ्या नातवाचं, चंद्रभानचं, पत्र आलं होतं. त्यांनी ते भुजंगाला वाचून दाखवलं.

"तीर्थस्वरूप तात्यांचे चरणी शिरसाष्टांग दंडवत. वि. वि. जिंतूरच्या वाटेवर आपल्या आंब्याखाली पाणपोई चालवण्यास आम्ही चौघे धर्मादाय ट्रस्ट काढत आहोत. तहानेल्यांसाठी ‘तानीचा आंबा’ याहून शोभेल असे नाव कोणते? आपला आशीर्वाद असावा. दस्त इथल्या कचेरीच्या रिवाजाप्रमाणे स्टांपावर उर्दूत होईल. त्यात हेतू, विश्वस्त आणि मिळकत येईल. वकीलसाहेब नावाचे कारणही घालणार आहेत. दोन साक्षीदारांपुढे सह्या होऊन दस्त नोंदला की मजकूर सहजी फिरत नाही. जागेचे पट्टेदार आपण, म्हणून आपली सही लागेल. झाड कोणी लावले, नाव का पडले, ते आपल्या हाताने लिहून पाठवावे."

"ल्ह्या की," चुलीपुढून तात्यांची बायको धुरपताबाई म्हणाल्या. "उंटाचं नाव बी ल्ह्या. अन् तानुबाई वन्सं तवा कुठं व्हत्या, ते बी."

भुजंग खाली बघत उठून गेला. तात्यांनी पत्राची घडी घातली, ती नीट बसेना.

तानी त्यांची धाकटी बहीण. नवव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली. कोय तिनं पुरली, ओढ्यावरून घागरी तिनं वाहिल्या. वडिलांनी जमिनीचा तो तुकडा तिच्या पोटासाठी तोंडी दिलेला. वडील गेले, मग जमिनी मोजून नावावर चढवणारे बंदोबस्ताचे लोक आले. झाडाचं नाव ऐकून पटवाऱ्यानं विचारलं, तानी कोण, तिचा काही हक्क? तात्या म्हणाले, "मानूस न्हाई, मालक. तान. वाटसरूची तान भागती, म्हनून." तुकडा तात्यांच्या नावावर चढला. तानी दारात उभी होती. तिनं उरलेली घागर झाडाच्या बुडाशी ओतली आणि मामाच्या गाडीत बसून येलदरीकडं गेली. तिकडंच मेली.

उंटवाला त्यानंतर जन्माला आला. चाळीस वर्षं तो तहानेला राहिला, कधी घोड्यावर, कधी उंटावर. आणि आता त्याच्यासाठी पाणपोई निघत होती.

"जेवता का?" धुरपताबाईंनी विचारलं.

"न्हाई."

त्यांनी बोरू घेतला. उंट लिहिला की सही, आशीर्वाद, सगळं सोपं होतं. दौत जवळ ओढली. मग एका दमात लिहिलं:

"चि. चंद्रभान यास अनेक आशीर्वाद. नाव तेच ठेव. पण तान म्हंजे तहान न्हाई. तानी म्हंजे माझी बहीण तानुबाई. झाड तिनं लावलं, जागा तिला दिलेली. पटवाऱ्याफुडं मी खोटं बोललो. दस्तात असंच घाल, मी सही करतो. आशीर्वाद मला मागू नको, तो तिनं द्यायचा व्हता. उंटवाला कधी आलाच न्हाई. भुजंगाला ते तू सांग, माझ्यानं व्हायचं न्हाई."