अभंगाची खोडलेली ओळ

मार्गशीर्षात एका दुपारी आमच्या मूळ गावचे भजनीबुवा माझ्या शहापूरच्या घरी आले. गाव मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या रस्त्याला. बुवा तिथले जुने शेतकरी. वर्षभरापूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला होता आणि जीभ जड झाली होती. त्यामुळे सोबत आलेली सूनच त्यांच्या वतीने बोलत होती. तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक वही काढली.

"बाई, यांच्या वडलांच्या हातची अभंगांची वही हाय. मोडीत लिवलेली. यांना तोंडपाठ होतं, म्हणून कोनी वाचली नाय. आता यांना बोलता येत नाय न् वही कोनाला लागत नाय. सप्ताहाच्या आधी उतरून द्याल?"

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि हौसेने मोडी शिकले आहे. हो म्हणाले.

माझे वडील आतल्या खोलीत होते. भातसा धरणावर नोकरी करून निवृत्त झाल्यापासून ते माझ्याकडे राहतात. आमच्या घराण्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते शाळकरी होते. बुवा येऊन गेले तरी ते बाहेर आले नाहीत. संध्याकाळी फक्त म्हणाले, "त्यांची वही त्यांना देऊन टाक. आपल्या घरात अभंग नको."

मी वही ठेवून घेतली.

वर्गात दरवर्षी मी संतकवी शिकवते. धर्माचे ग्रंथ संस्कृतात होते. वेद ऐकायचाही अधिकार शूद्रांना नव्हता, बायांना नव्हता. मग कोणी गीतेचा अर्थ मराठी ओवीत आणला. ओवी तर बायका जात्यावर आधीपासून गात होत्याच. शिंप्याने अभंग रचले, कुंभाराने रचले, माळ्याने, न्हाव्याने, दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणाऱ्या दासीनेही रचले. पूजेला लागणारा मंत्र, यज्ञ, पुरोहित, सगळं बाजूला राहिलं. देवाचं नाव घ्यायला कोणाची परवानगी लागेना. अभंगाची बांधणीही अशी, की अक्षरओळख नसलेल्या माणसाला तो पाठ व्हावा. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्यात यमक. एक ओळ विसरली तर यमक ती हाताला धरून आणतं. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं. आणि शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव सांगतो. काही जण नावासोबत जातही सांगतात, कारण ज्याला दारात थांबवलं जातं तो कोण हे देवाला ऐकवायचंच असतं.

हे मी इतकी वर्षं शिकवत आले. पण त्या वहीत मला पहिल्या पानावर बुवांच्या वडलांच्या नावाखाली दुसरं एक नाव दिसलं. 'सांगणार' म्हणून. ते माझ्या आज्याचं होतं.

आजा मी पाहिलेला नाही. तो भजन करायचा एवढंच ऐकलं होतं. आता अभंगांखालच्या नोंदींवरून कळलं की वहीतले निम्म्याहून जास्त अभंग त्याने तोंडी सांगितले आणि बुवांच्या वडलांनी लिहून घेतले. देवळात ज्याला पाऊल टाकता येत नव्हतं त्याच्याकडून गावाने आपलं भजन घेतलं होतं.

पुढची पानं उलटली. आमच्याच समाजातल्या त्या संताचे सात अभंग होते. मंदिराबाहेर राहून गायलेला तो संत. साती अभंगांत शेवटची ओळ, जिथे तो आपली जात सांगतो, ती जाड शाईने खोडलेली होती. त्यावर तितक्याच अक्षरांची, कोणालाही लागू पडेल अशी दुसरी ओळ लिहिली होती. दिव्यासमोर पान धरलं की खालची अक्षरं दिसत होती.

मी खोडलेली ओळ उतरवली. खोडणाऱ्याबद्दल मनात काय काय आलं ते लिहीत नाही.

माघात सप्ताह सुरू झाला. जुनी वही परत द्यायला गेले, नवी अजून पुरी व्हायची होती, तेव्हा भजनी मंडळाने मलाच दुपारच्या भजनाआधी संतांवर चार शब्द बोलायला सांगितलं. मी देव मानत नाही. पण बोलायचं होतं. देवळाच्या सभामंडपात वीणेवाला एका खांबाशी उभा होता. सप्ताहभर वीणा खाली टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. समोर टाळकरी, पखवाजवाला, मागे बायका. मी वर्गात सांगते तेच सांगितलं. मग म्हणाले, "तुम्ही जे गाता त्यातलं बरंच माझ्या आज्याने सांगितलेलं आहे. त्यातला एक अभंग आज जसा होता तसा म्हणते."

मला गाता येत नाही. साध्या चालीत म्हटला. टाळकरी प्रत्येक ओळ झेलत होते. शेवटची ओळ म्हटली, त्यात ती जात आली, आणि कोणी झेलली नाही. पखवाज थांबला. अभंगाची ओळ झेलली नाही तर ती तिथेच पडते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या दिवशी समोर पाहिलं.

मी तीच ओळ पुन्हा म्हटली.

बुवा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी डाव्या हाताने गुडघ्यावर ताल धरला आणि तोंड उघडलं. शब्द लागत नव्हते, फक्त चाल होती. त्यांच्या सुनेने मागून ओळ उचलली, मग बायकांनी. पुरुषांतले दोघं-तिघं शेवटी आले. बाकीचे खाली बघत राहिले.

बाहेर मंडळातले एक जण मला गाठून म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. पन झालं गेलं कशाला उकरायचं? आता कोन कोनाला अडवतो?"

"मग ओळ का अडली?" मी विचारलं. ते गेले.

घरी येऊन मी वडिलांना सगळं सांगितलं, खोडणाऱ्यावरचा रागही.

"लिवणाऱ्याने आपल्या मनाने नाय खोडली," ते म्हणाले. "तुज्या आज्याने खोडाया लावली. गावात चिंचेखाली बसून वही लिवत व्हते, तवा मी बाजूलाच व्हतो."

"का?"

"तो बोलला, ही ओळ र्‍हायली तर आत गाणार नायत. ओळ जाऊ दे, बाकीचा अभंग तरी आत जाऊ दे. लिवणाराच नको-नको म्हणत व्हता." "मंग दिक्षा घेतली. त्या दिवसापासून बा पुन्हा गायला नाय. मी विचारलं तर बोलला, ज्या दारापायी मी नाव खोडलं त्या दारात आता मला जायाचंच नाय. आन् तू आज जाऊन उभी र्‍हायलीस."

ज्यांनी पूजा सगळ्यांसाठी मोकळी केली असं मी शिकवत होते, त्यांच्याच शब्दांना आत शिरण्यासाठी आपलं नाव दाराबाहेर ठेवावं लागलं होतं. आणि ते ठेवणारा माझाच माणूस होता. त्याने सोसून केलेला सौदा मी नकळत मोडला होता. तो सौदा चुकीचा होता असं अजूनही मी ठामपणे म्हणू शकत नाही.

नव्या वहीत मी दोन्ही ओळी लिहिल्या, एकाखाली एक, आणि समासात कोणाच्या सांगण्यावरून खोडली ते लिहिलं. वही बुवांच्या सुनेला दिली. त्या दोन्हींतली कुठली ओळ गातात हे मी विचारलेलं नाही. मंडळाने मला पुन्हा बोलावलेलं नाही. वडील माझ्याशी बोलतात, जेवतात, पेपर वाचतात. अभंगाचा विषय निघाला की उठून अंगणात जातात.

यंदा नववीच्या वर्गात संतकवींचा धडा आला तेव्हा एका मुलीने विचारलं, "मग बाई, दार उघडलं का?"

मी म्हणाले, "थोडं."