चौथी कुंडी

माझ्या दिराची टॅक्सी आमच्या दारात येऊ नये म्हणून मी चार कुंड्या लावल्या होत्या. सिमेंटच्या, कमरेएवढ्या, क्रोटनच्या. विकत आणताना मी दुकानदाराला झाडाबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त विचारलं, जड आहेत ना?

आमचं घर अंधेरीच्या एका जुन्या गावठाणात. सासरे गेल्यावर घराच्या मधून भिंत आली. पुढचा अर्धा भाग आमचा आणि मागचा दिराचा, पण अंगण एकच राहिलं आणि भांडण त्या अंगणावरून झालं. दिराची टुरिस्ट टॅक्सी रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली सुरू व्हायची, धूर थेट माझ्या फोडणीत. मी बोलले, तो बोलला, मग जाऊबाई बोलल्या, आणि त्या जे बोलल्या ते मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी कुंड्या आल्या. रिक्षा जाईल एवढी फट मी ठेवली होती, गाडी जाईल एवढी नाही. तेव्हापासून तो टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी, क्रूसापाशी लावायचा. आमचं बोलणं बंद. एका छपराखाली राहून आम्ही एकमेकांना भूत बघावं तसं बघत होतो, म्हणजे बघतच नव्हतो.

मधल्या मध्ये माझा नवरा. त्याचा खुबा झिजलेला, वॉकरवर चालायचा, खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरी नेताना रिक्षा नाही, हादरे बसता कामा नयेत, गाडी दाराशी लागली पाहिजे. मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स करू, नाहीतर चार माणसं उचलून आणतील. नवरा काहीच बोलला नाही. तो काही बोलला नाही की मला जास्त राग येतो.

वरची खोली आम्ही पाहुण्यांना देतो. त्या वेळी हंगेरीची एक बाई महिनाभर राहायला होती. आमच्याकडचे मसाले, लोणची, वाटण यांवर ती काहीतरी लिहीत होती. चांगली होती, पण हट्टी. जाताना तिने काय घेतलं असेल, तर पाटा-वरवंटा. शेजारच्या म्हातारीचा खरा, झिजलेला, दगडाचा. विमानात नेता येणार नाही म्हणून ती कुर्ल्याहून गोव्याची गाडी पकडणार होती, तिथला तिचा कोणी मित्र तो दगड जहाजाने पाठवणार होता. हंगेरीत कोण वाटण वाटणार आहे, देव जाणे.

तिच्या निघायच्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, ॲपवरून गाडी बोलव. ती म्हणाली, "नको आंटी. तुमचा पत्ता टाकला की खूण मागच्या टॉवरमध्ये जाते."

खरं होतं. आमच्या घराचा पत्ता नकाशाला सापडत नाही. सगळ्या गाड्या मागच्या टॉवरच्या गेटवर जाऊन उभ्या राहतात आणि मध्ये दहा फुटी कंपाउंड. ती पहिल्या दिवशी तशीच तिथे अडकली होती.

"मग?"

"मी त्या ड्रायव्हरला सांगितलंय, ज्याने मला त्या दिवशी तिथून इथे आणलं." आणि तिने फोन पुढे केला. फोटोत माझा दीर, काळा चष्मा लावलेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला काय सांगणार? ती बिचारी फोनकडे बघत होती. मेसेज तिचे इंग्रजीत आणि त्याचे मोडक्या इंग्रजीत. मी मराठीत देते.

तिने लिहिलं होतं, "घराच्या दारात या. जड सामान आहे."

त्याने लिहिलं, "मॅडम, क्रूसापाशी या."

"दगड आहे. मला उचलत नाही."

"गाडी आत येत नाही."

"का?"

"घरमालकिणीला विचारा."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिही, घरमालकीण म्हणते गल्ली रहिवाशांसाठी आहे."

तिने तसंच लिहिलं. उत्तर लगेच आलं. "मी पण रहिवासी आहे. जन्मलो तिथे."

"लिही, जन्मलास म्हणून धूर सोडायचा परवाना मिळत नाही."

बाई म्हणाली, "आंटी, हे मला लिहायचं नाही. माझी ट्रेन आहे."

तोवर त्याचा पुढचा मेसेज पडला. "दहा मिनिटं थांबतो. इथे नो पार्किंग आहे. पोलीस फोटो काढतो, चलान येतं. नंतर दुसरं भाडं घेणार."

मला त्या 'नंतर दुसरं भाडं घेणार'चा एवढा संताप आला की मी हातातलं फडकं मोरीत फेकलं. हा माणूस कुणासाठी कधी थांबलाय? माझ्या मुलीच्या लग्नात चर्चबाहेर फोटोलासुद्धा थांबला नव्हता. मी बाईला म्हटलं, दगड इथेच ठेव, मी कुरियरने पाठवते. ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, मग रिक्षा आणते. तर म्हणे, कुर्ल्यापर्यंत रिक्षात दगड मांडीवर घेऊन बसू का? बरोबर होतं तिचं, म्हणून जास्तच राग आला.

मग ती अंगणात गेली आणि एक कुंडी ढकलायला लागली. कुंडी हलेना. हाताला माती, कपाळावर घाम, आणि खिडकीतून माझा नवरा बघतोय. मी दारात कमरेवर हात ठेवून उभी. मदत करायला माझा पाय उचलत नव्हता, हे मी स्पष्टच सांगते.

ती थांबली, फोन काढला, थोडा वेळ काहीतरी केलं. माझा फोन वाजला. तिने एक ग्रुप केला होता. नाव 'पिकअप'. त्यात तीन माणसं: ती, मी आणि तो.

पहिला मेसेज तिचा. "आता तुम्ही दोघं बोला. मी फक्त प्रवासी आहे."

आणि मग माझ्या फोनवर दिसायला लागलं, की तो टाइप करतोय. कितीतरी वेळ करत होता. अख्खं रामायण लिहितोय की काय असं वाटलं. शेवटी आलं ते एवढंच. "कुंड्या काढा."

मराठीत. मी पण मराठीत लिहिलं. "सामान उचलायला तू आत ये. गाडी तिथेच राहू दे."

"गाडी सोडली तर टोईंगवाले उचलतील."

"मग उचलू दे."

"पाच मिनिटं राहिली."

आत काहीतरी खडखडलं. मागे वळून बघते तर नवरा वॉकर धरून उभा राहिलेला. दाराकडे यायला निघाला होता.

"कुठे चाललास? बस."

"कुंड्या काढतो."

"वेड लागलंय? खुबा राहिला नाही आणि कुंड्या काढायला निघालाय."

तो तिथेच उभा राहिला. धाप लागली होती. म्हणाला, "पुढच्या आठवड्यात मला पण इथेच उतरायचंय ना गं. चार माणसांनी उचलून नको आणू मला. जिवंत असताना नको."

मला वाईट वाटलं आणि त्याच क्षणी त्याचा रागही आला, कारण तो हे आठ दिवस आधी बोलू शकला असता. मी अंगणात गेले. पहिली कुंडी मी आणि बाईने मिळून ढकलली. दुसरी तशीच. तिसरीचं बूड फरशीला चिकटलं होतं, ते सुटलं तेव्हा खालून गोमी पळाल्या. चौथीपाशी मी थांबले. माझ्या खिडकीखालची ती. मी लिहिलं, "तीन काढल्या. ये."

"चौथी पण काढा."

"पुरे तेवढं. घासली तर तुझी तू बघ."

गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला आणि टॅक्सी उलटी आत यायला लागली. आत वळायला जागा नाही, त्यामुळे रिव्हर्समध्येच आणावी लागते. पूर्वी नवरा मागे उभा राहून हात हलवायचा, "येऊ दे, येऊ दे," आणि जागा संपली की डिकीवर दोन थापा मारायचा. आता त्याने परत खिडकीशी जाऊन तिथूनच हात हलवायला सुरुवात केली. आवाज पोचत नव्हता, पण गाडी त्याच्या हाताबरोबर सरकत होती. चौथ्या कुंडीपाशी दिराने खिडकीतून हात काढून आरसा आत दुमडला. गाडी आणि कुंडी यांच्यात एक बोट जागा राहिली. मी मनापासून वाट बघत होते की घासावी. घासली नाही.

तो उतरला. माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्याच्याकडे पाहिलं नाही. घरात शिरला, पाटा एकट्याने उचलला, पाठ वाकवून बाहेर नेला, डिकीत ठेवला. वरवंट्यासाठी परत आला तेव्हा खिडकीतून नवरा म्हणाला, "आलास?"

"वेटिंग चालू आहे," तो म्हणाला आणि गेला.

बाईने मला मिठी मारली. मी तिला सांगितलं, ट्रेनमध्ये दगड खालच्या बर्थखाली ठेव. टॅक्सी निघून गेल्यावर मी कुंड्या परत लावायला हव्या होत्या. कंबर धरली होती, म्हणून राहिलं.

संध्याकाळी तिचा मेसेज आला, ट्रेन मिळाली. मग फोनवर दिसलं की तिने ग्रुप सोडला. आम्ही दोघं उरलो. मी पण सोडणार होते, पण सोडलं की समोरच्याला ते दिसतं. त्याला वाटलं असतं मी पळाले. त्यानेही सोडला नाही, बहुतेक याच कारणाने. टॅक्सी तो अजून क्रूसापाशीच लावायचा आणि अंगणात समोर आला की मी नळाकडे तोंड करायचे.

नवऱ्याचं ऑपरेशन नीट झालं. सोडायच्या दिवशी मी हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीसमोर बाकावर बसले होते. ॲम्ब्युलन्सवाल्याचा नंबर हातात होता. फोन उघडला आणि अंगठा 'पिकअप'वर गेला. कितीतरी वेळ मी लिहीत होते आणि पुसत होते. त्याला दिसत असणार, मी टाइप करतेय ते.

शेवटी लिहिलं, "पिकअप: हॉस्पिटलचं मागचं गेट. पेशंट चाकाच्या खुर्चीतून येणार. पुढची सीट मागे सरकवून ठेव."

"किती वेळ?"

"कागद होईपर्यंत. सांगता येत नाही."

मला वाटलं, आता म्हणेल दहा मिनिटं.

"थांबतो," त्याने लिहिलं.

इन्शुरन्सवाल्यांनी दुपार खाल्ली. मी दोनदा जिन्यातल्या खिडकीतून खाली वाकून बघितलं. टॅक्सी गेटच्या आत, झाडाखाली उभी होती आणि तो बॉनेटला टेकून वॉचमनशी भांडत होता. जागेवरून हलत नव्हता.

मग फोन वाजला. "ड्रॉप?"

मी लिहिलं, "दार."

मग आलं, "चौथी कुंडी?"

वॉर्डबॉय खुर्ची घेऊन लिफ्टपाशी आला होता. नवरा त्यात बसून माझी वाट बघत होता. मी एका हाताने पिशवी सावरली आणि दुसऱ्या हाताने लिहिलं.

"सकाळीच काढली."