रेषेअलीकडच्या टाचा

मैदानाला लागूनच माझे घर आहे. एका सकाळी मैदानाच्या कडेला दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या धुतलेल्या चादरींवर धूळ बसली, म्हणून मी तावातावाने भांडायला गेले आणि तिथेच माझी आत्याबाईंशी ओळख झाली. पूर्वी त्या शंभर मीटरच्या शर्यती जिंकत असत. आता त्या आपल्या भाचीला धावायला शिकवीत होत्या.

"पुन्हा चादरी मळल्या, तर धुवायला तुलाच बसवीन," असे मी भाचीला बजावले.

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "बसेल. फक्त आधी भिजवून ठेवा, आम्हाला घाई असते."

पुढे मी रोज ओट्यावर बसून त्यांचा सराव पाहू लागले. सुरुवातीला पाय रेटायचे लोखंडी ठोकळे नसल्यामुळे आत्याबाई खुरप्याने पायांसाठी दोन खळगे खणीत. "तयार" म्हणताच भाचीने कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर उचलावी आणि टाळीपर्यंत हलू नये, असा नियम होता. टाळी वाजली की जमीन मागे रेटीत निघायचे, एकदम ताठ व्हायचे नाही.

शाळेच्या संघात एकच जागा उरली होती. चाचणीत भाची जवळजवळ शेवटपर्यंत पुढे होती, पण रेषेपाशी दुसरी मुलगी तिच्या पुढे गेली. क्रीडाशिक्षकांनी शनिवारी दोघींना पुन्हा बोलावले.

"आत्या, शेवटी माझा दमच संपतो," भाची म्हणाली.

"दम संपलेली पोर घरी जाताना एवढी बडबड करते होय?"

आत्याबाईंनी शेवटच्या पट्ट्यात पाणी शिंपडले, भाचीला पळविले आणि वाकून तिची पावले पाहिली. सगळीकडे केवळ चवडे उमटले होते. रेषेच्या अलीकडे मात्र टाचा खोल रुतल्या होत्या.

"टाच पुढे रोवली की ब्रेक लागतो. तू दमत नाहीस, थांबतेस. कशासाठी?"

भाचीने मान खाली घालून माझ्या दोरीकडे बोट दाखविले. चुन्याची रेषा दोरीच्या अगदी जवळ होती. माझ्या चादरी वाचविण्यासाठी ती रोज तिथे वेग कमी करी. ती सवय पायांत इतकी भिनली की शाळेच्या मोकळ्या मैदानावरही पाय आपोआप आवरले.

आत्याबाईंना हसू आवरेना. "आजी, तुमचा धाक शाळेपर्यंत पोहोचला हो."

मी त्याच दिवशी दोरी परसात बांधली. त्यांनी रेषेच्या बरेच पुढे एक बादली ठेवली आणि बादलीपर्यंत वेग सोडायचा नाही, असे भाचीला सांगितले. शनिवारी भाची छाती पुढे काढून रेषा ओलांडून गेली आणि थेट माझ्या अंगावर येऊन थांबली. ती जागा तिला मिळाली.

मी तिथे उभी होते, कारण त्या सकाळी आत्याबाई माझ्या दारात येऊन म्हणाल्या होत्या, "आजी, आज बादलीच्या जागी तुम्ही उभ्या राहा. आणि चादर आणू नका."