यादीत आहे, मजकुरात नाही

वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यावर मी चामराजपेटेतल्या घरी प्रबंध तपासायची कामे घेऊ लागलो. भाषा सुधारणे हा त्यातला लहान भाग. वेळ खरा जातो तो संदर्भ जुळवण्यात. मजकुरात कंसात जे नाव आणि साल येते, त्याची पूर्ण नोंद शेवटच्या यादीत हवी, आणि यादीत जी नोंद आहे तिचा मजकुरात कुठेतरी उपयोग झालेला हवा. दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. एका बाजूने पाहून सोडले की अर्ध्या चुका तशाच राहतात.

राजाजीनगरहून एक बाई सोमवारी सकाळी प्रबंध घेऊन आल्या. कॉलेजात शिकवत होत्या, वय पंचेचाळिशीच्या आसपास. घराणे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे, घरात मराठी, बाहेर कन्नड. प्रबंध इंग्रजीत होता. विषय बाजारपेठेजवळच्या एका गल्लीतल्या मराठी कुटुंबांचा: कापड रंगवणारी ही घरे शिवणकामाकडे कशी वळली. गल्ली त्यांच्या वडिलांचीच.

"अण्णा, शुक्रवारी पाचच्या आत द्यायचा आहे," त्या म्हणाल्या. "मुदतवाढ दोनदा झाली. आता नाही मिळत. नोंदणीच रद्द होते."

"मार्गदर्शकांनी पाहिला?"

"पाहिला, 'सरी', ठीक आहे म्हणाले. फक्त संदर्भ जुळवून आणा म्हणाले."

"संदर्भ लावायचं सॉफ्टवेअर वापरलं होतं का?"

"पहिल्या दोन प्रकरणांत. मग कॉपी-पेस्ट करताना दुवे तुटून सगळं साधं अक्षर झालं. पुढचं हातानेच."

म्हणजे यंत्राच्या भरवशावर राहता येणार नव्हते. मी प्रबंध छापून घेतला आणि पहिल्या पानापासून प्रत्येक कंस वहीत उतरवत गेलो. वाक्यात नाव आणि कंसात फक्त साल, असेही प्रकार असतात. शोधपट्टीत कंसासकट नाव टाकले तर ते निसटतात, म्हणून डोळ्यांनीच वाचायचे. वहीतले प्रत्येक नाव यादीत सापडले की दोन्हीकडे बरोबरची खूण.

मंगळवारी दुपारी त्या आल्या तेव्हा हिशोब असा होता: मजकुरातल्या अकरा उल्लेखांना यादीत नोंद नाही, आणि यादीतल्या चौदा नोंदींना मजकुरात उल्लेख नाही.

त्या खुर्चीत बसल्या आणि पाणी मागितले.

"घाबरू नका. यातले सात दोन्हीकडे एकच आहेत," मी म्हणालो.

दोन ठिकाणी साल चुकले होते. उरलेली पाच ठिकाणे मला गमतीची वाटली. इकडच्या पद्धतीत पुष्कळांना आडनाव नसते. आधी गावाचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी स्वतःचे. काही लेखकांनी गावाचे नाव आद्याक्षरात न देता पूर्ण छापले होते. बाईंनी मजकुरात त्यांना गावाच्या नावाने उद्धृत केले होते आणि यादी करताना सॉफ्टवेअरने शेवटचा शब्द धरून त्यांच्या स्वतःच्या नावाने लावले होते. एकच माणूस, दोन टोकांना.

"जन्म इथला, शाळा कन्नड, आणि ही चूक?" मी विचारले.

"काय करू! गावाचं नाव दिसलं की आडनावच वाटतं. आमच्यात सगळे कुठल्या ना कुठल्या गावचे 'कर'."

सातांची जोडणी झाली. मजकुरात चार उरले. दोन उल्लेख अशा पुस्तकांचे होते जी त्यांनी वाचलीच नव्हती. दुसऱ्याच्या पुस्तकात त्यांचे अवतरण मिळाले होते. तिथे 'अमक्याने उद्धृत केल्याप्रमाणे' असे लिहून, जे हातात घेऊन वाचले तेच पुस्तक यादीत ठेवायचे. ते आधीच होते. तिसरी त्यांनी स्वतः घेतलेली मुलाखत होती. त्यांच्या विभागाने ठरवलेल्या शैलीत मुलाखतीचा उल्लेख मजकुरातच राहतो, यादीत जात नाही. चौथ्याची नोंद खरोखरच राहिली होती, ती लिहिली.

यादीतल्या सात उरल्या. त्यांतल्या तीन माझ्याच चुकीने. तक्त्यांखाली बारीक अक्षरात स्रोत दिलेला असतो, तिथे मी पहिल्या फेरीत पाहिले नव्हते. तिन्ही तिथे होत्या. मी खुणा केल्या.

"चार राहिल्या," मी म्हणालो. "दोन पुस्तकं तुमच्या मार्गदर्शकांची, एक विभागप्रमुखांचं. ही मजकुरात कुठेच नाहीत."

"ती मी वाचली आहेत, अण्णा."

"वापरली आहेत का?"

"वापरली म्हणजे..." त्या हसल्या. "त्यांचं नाव नसलं तर बरं दिसेल का?"

"ही लग्नपत्रिका नाही. पत्रिकेत वडीलधाऱ्यांची नावं घालतात, कोणी आलं नाही तरी. इथे आलेल्यांचीच घालायची. त्यांचे आभार ऋणनिर्देशात माना, हवे तर पहिल्या ओळीत."

तिन्ही नोंदी त्यांनी स्वतःच्या हाताने खोडल्या. चौथीपाशी पेन थांबले.

ती एका मराठी पुस्तिकेची नोंद होती. त्यांच्या वडिलांनी गल्लीच्या आठवणी लिहून स्वतः छापून घेतलेली, अठ्ठेचाळीस पानांची. वडील जाऊन सहा वर्षे झाली होती.

"ही राहू दे," त्या म्हणाल्या.

"कुठे वापरली?"

"कुठे असं नाही. आमच्या घरचं ते. मला सगळं ठाऊकच आहे."

बातमीदार 'सगळ्यांना ठाऊक आहे' म्हणाला की डेस्कवर पेन खाली ठेवायचे आणि विचारायचे, कोण म्हणाले? ती सवय गेली नव्हती. मी शिवणकामावरचे तिसरे प्रकरण पुन्हा उघडले आणि या वेळी कंस सोडून कंस नसलेले परिच्छेद शोधले. एक्याण्णवाव्या पानावर एक सापडला. गल्लीतले पहिले शिवणयंत्र कापड रंगवणाऱ्या एका कुटुंबाने आणले, त्यांचे पाहून इतर घरे शिवणकामाकडे वळली, आणि धंदा असा एका दुकानातून पसरला, असे त्यात होते. पंधरा ओळींत एकही संदर्भ नव्हता.

"हे कुटुंब कोणतं?"

"आमचंच. आजोबांनी आणलं यंत्र."

"कोणी सांगितलं?"

"अप्पांनी."

"तोंडी, की पुस्तिकेत?"

"एकच ना, अण्णा."

"नाही. तोंडी सांगितलेलं परीक्षकाला उघडून पाहता येत नाही. पुस्तिकेचं पान उघडून पाहता येतं. पुस्तिका कुठे आहे?"

"घरी. आईच्या कपाटात." मग त्या म्हणाल्या, "नोंद काढून टाकली तर?"

"तर यादी आणि मजकूर तंतोतंत जुळतात."

"मग झालंच की."

"परिच्छेद कोणाचा, हा प्रश्न तेवढा राहतो. साहित्यचौर्य तपासणाऱ्या यंत्राला तो सापडणार नाही. पुस्तिका कुठे इंटरनेटवर नाही. तोंडी परीक्षेत एखादा विचारील, किंवा विचारणार नाही."

खोडलेल्या यादीचा कागद घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवला.

बुधवारी सकाळी त्यांनी बोलावले म्हणून पुस्तिका पाहायला त्यांच्या घरी गेलो. आईंचे वय ऐंशीच्या पुढचे, नजर चांगली. त्यांनी आधी कॉफी दिली आणि मग पुस्तिका.

"स्वल्प जपून. पानं सुटतात," त्या म्हणाल्या.

चौदाव्या पानावर शिवणयंत्र होते. बाईंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीत आवाज बारीक झाला. वडिलांनी छापले होते की गल्लीतले पहिले यंत्र समोरच्या घरात आले, एका विधवा बाईकडे. त्या बाईंनी गल्लीतल्या बायकांना शिवायला शिकवले. आजोबांनी यंत्र घेतले ते त्यानंतर, त्यांच्या बायकोला हात बसला तेव्हा.

"पण अप्पा मला तर आपलंच पहिलं म्हणून सांगायचे!"

"तुला सांगायचे," आई म्हणाल्या. "जेवत नव्हतीस. गोष्ट सांगितली की जेवायचीस. छापायच्या वेळी मात्र तुझ्या आजीला समोर बसवून, विचारून विचारून लिहिलं. आजीनं दोन वेळा खोडायला लावलं."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? पीएच.डी. तुझी. पाच वर्षं गल्लीत लोकांच्या मुलाखती घेत फिरलीस, घरच्या कपाटात पुस्तक. मीही त्या समोरच्या बाईंच्याच हाताखाली शिवण शिकले, लग्न होऊन आले तेव्हा. म्हाताऱ्या झाल्या होत्या. सुई वाकडी धरली की बोटावर मारायच्या."

बाई चौदावे पान पुन्हा वाचत होत्या. परिच्छेद चुकीचा होता एवढ्यावर हे थांबत नव्हते. प्रकरणाचा मुद्दा असा होता की धंदा एका दुकानाने बदलला. पुस्तिकेप्रमाणे तो एका बाईच्या ओटीवर बदलला आणि मग दुकानात गेला. समारोपातही एक वाक्य बदलावे लागणार होते. हाती दोन दिवस होते.

त्यांनी तिथूनच मार्गदर्शकांना फोन लावला. स्पीकरवर ठेवला होता. सगळे ऐकून घेतल्यावर ते कन्नडमध्ये म्हणाले, हे आधीच्यापेक्षा चांगले आहे, आधी का नव्हते? बाई म्हणाल्या, "घरात होतं, सर." ते हसले आणि बदला म्हणाले.

"बदलते," फोन ठेवून त्या मला म्हणाल्या. "पण आजोबांचं काय होणार?"

"ते तिथेच आहेत. दुसरे," मी म्हणालो.

"दुसरे तर दुसरे," आई म्हणाल्या. "त्यांना तरी कुठे पहिलं यायचं होतं. त्यांना यंत्राच्या आवाजानं झोप यायची नाही."

त्याच दुपारी नवा परिच्छेद लिहून झाला. वडिलांचे नाव, पुस्तिकेचे साल आणि पान चौदा कंसात आले. मुलाखतींपैकी एकीत समोरच्या घरच्या नातवाने हेच सांगितले होते. तेव्हा बाईंनी ते घरच्या अभिमानाचे बोलणे म्हणून सोडून दिले होते. आता तो उल्लेखही जोडला, मजकुरात, यादीत नाही.

गुरुवारी मी पुन्हा पहिल्या पानापासून बसलो. मजकूर बदलला की जुन्या खुणांचा उपयोग नसतो. खोडलेल्या ओळीबरोबर एखादा उल्लेख जातो आणि त्याची नोंद यादीत एकटी पडते. तसे एक झाले होते. समारोपातले वाक्य गेले आणि त्यातले एकमेव पुस्तक बिनकामाचे राहिले. ती नोंद काढली. तक्त्यांखालच्या ओळी या वेळी आधी पाहिल्या. दुपारपर्यंत वहीत आणि यादीत खूण नसलेली एकही ओळ राहिली नाही. मग प्रती छापायला गेल्या.

शुक्रवारी साडेतीनला बाईंनी पोचपावतीचा फोटो पाठवला. संध्याकाळी त्या आईंना घेऊन पेठेत आल्या. आईंना जुनी गल्ली पाहायची होती. माझ्याकडे पाच मिनिटे बसल्या. आईंनी प्रबंधाची प्रत मागून घेतली आणि शेवटची यादी उघडली. इंग्रजी त्यांना सावकाश वाचता येत होते. बोट खाली खाली नेत नवऱ्याच्या नावापाशी थांबल्या.

"हे आहेत. आणि समोरच्या बाई?"

"त्यांचं नाव यादीत येत नाही, आई," बाई म्हणाल्या. "ज्यांनी लिहिलं त्यांचंच येतं. त्या आत आहेत. एक्याण्णव पानावर."

आईंनी एक्याण्णवावे पान काढून घेतले. नाव सापडेपर्यंत बोट ओळीवरून फिरत राहिले.

"सरी," त्या म्हणाल्या, आणि प्रत लेकीच्या हातात दिली.