दामयानाचा डावा कोपर

चिप्रोव्त्सी गावात हातमागावर गालिचे विणणाऱ्या बायका आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. त्यांतली दामयाना सर्वांत हट्टी. बावन्नाव्या वर्षीही ती उभ्या मागासमोर दिवसभर बसे. डाव्या हाताने ताण्याचे उभे धागे पुढे ओढायचे, उजव्याने रंगीत लोकर आत घालायची आणि लोखंडी पंजाने ठोकून बसवायची. नवरा गेल्यावर तिने मुलगी रालित्सा याच कामावर वाढवली.

मार्चमधल्या एका सकाळी धुतलेल्या लोकरीची बादली घेऊन ती अंगणात उतरली. पायरीवर बर्फाचा पातळ थर होता. पाय सटकला, डावा तळवा जमिनीवर टेकला आणि सगळा भार त्या हातावर आला. काटकी मोडावी तसा आवाज झाला. कोपराचं टोक मागे सरकलेलं पाहून ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती बसून राहिली.

जिल्ह्याच्या रुग्णालयात सांधा ओढून जागेवर बसवला आणि प्लॅस्टर घातलं. दहा दिवसांनी पुन्हा फोटो काढला, तर प्लॅस्टरच्या आतच कोपर परत निखळला होता. मग रालित्सा तिला राजधानीत, सोफियाला घेऊन गेली.

तिथले डॉक्टर हारालांपिएव कमी बोलणारे होते. स्कॅन पाहून त्यांनी स्वतःचीच बाही वर केली आणि कोपरावर बोट ठेवलं.

"मावशी, तीन गोष्टी गेल्यात. इथे बाहेरच्या हाडाचं डोकं फुटलंय, चार तुकडे झालेत. मागच्या हाडाच्या पुढे चोचीसारखं एक टोक असतं, सांध्याला मागे घसरू देत नाही ते. ते मोडलंय. आणि हाडं एकमेकांना धरून ठेवणारा बाहेरचा बांध दंडाच्या हाडावरून उखडलाय. यातलं एकच गेलं असतं तर बाकीच्या दोघांनी निभावून नेलं असतं. तिन्ही गेली, म्हणून हात जरा सरळ केला की सांधा मागे घसरतो."

"आधी तर बसवला होता की!"

"बसतो. पण टिकत नाही."

"मग विणता येईल का, तेवढं सांगा. बाकीचं मला कळत नाही."

डॉक्टर बाही खाली करू लागले. दामयानाने तोंड फिरवलं.

शस्त्रक्रिया तीन तास चालली. कोपराच्या बाहेरून आत शिरून डॉक्टरांनी सर्वांत खोलचं काम आधी हाती घेतलं. हाडाच्या फुटलेल्या डोक्याचे तुकडे काढल्यावर जी मोकळी जागा झाली, तिच्यातून त्यांनी ते चोचीसारखं टोक गाठलं आणि मागच्या हाडातून भोकं पाडून दोऱ्याने आवळून बांधलं. डोकं जोडण्यासारखं नव्हतंच. तिथे मोजून धातूचं बसवलं. जादा उंच झालं असतं तर सांधा दाटला असता. शेवटी बाहेरचा बांध दंडाच्या हाडाला पुन्हा शिवला. मग क्ष-किरणाखाली हात वाकवून-सरळ करून पाहिला, तर सरळ होत आला की सांधा अजून उघडतच होता. मग आतल्या बाजूनेही चिरावं लागलं. तिथली नस जपून बाजूला करत आतला बांध शिवला, तेव्हा कुठे कोपर जागेवर राहिला.

शुद्धीवर आल्यावर दामयानाला करंगळी जाणवेना.

"आई, डॉक्टर म्हणतात नस फक्त दुखावलीय, येईल परत," रालित्सा म्हणाली.

"येईल, येईल. सगळं येईलच म्हणता तुम्ही. माझा हात तेवढा गेला."

चौथ्या दिवसापासून व्यायाम सुरू झाला. पाठीवर झोपायचं, दंड वर उभा धरायचा आणि कोपर हळूहळू वाकवायचा. असं केल्याने हाताचं वजनच सांधा आत दाबून धरतं. तो शिकवणारी बाई, नेदेल्या, दामयानापेक्षा वीस वर्षांनी लहान होती, पण जिभेने तिखट.

"मावशी, डोळ्यांतलं पाणी नंतर पुसा. आधी वाकवा."

"तुझ्या आईलाही असंच बोलतेस का गं?"

"तिला तर याहून वाईट. वाकवा म्हणते ना!"

दोन महिने गेले तरी हात लाकडासारखाच. दामयाना जेवेना. एकदा रालित्साने विणायचा पंजा हातात दिला, तर तिने तो भिंतीवर फेकला. "मला जिवंत ठेवून काय करणार आहात? हाताची नुसती खुंटी झालीय!" असं म्हणून ती ओक्साबोक्शी रडली. रालित्साने आईचा कोपर मांडीवर घेतला आणि रोजच्यासारखी कसरत करून घेतली.

शरद ऋतू आला तेव्हा करंगळी मुंग्या येऊन जागी झाली. हात बराच वाकू लागला. सरळ मात्र पुरता झाला नाही आणि तळवा अर्धाच वर वळायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "घसरत नाही आता. पण पूर्वीचा हात परत मिळणार नाही, मावशी."

"एवढं आधीच सांगितलं असतंत तर?"

"तर तुम्ही आला असतात का?"

घरी येऊन दामयानाने आपला रुंद माग शेजारच्या गेनाला देऊन टाकला. ती आणि गेना बावीस वर्षं एकमेकींच्या विणकामाला नावं ठेवत आल्या होत्या. स्वतःसाठी तिने छोटा माग लावून घेतला, वीतभर रुंद पट्ट्यांचा. तिथे डाव्या हाताला लांब जावं लागत नाही. तासाभरातच कोपर ठणकू लागतो, मग ती थांबते.

"किती झालं?" गेना कुंपणावरून विचारते.

"बोटभर."

"बोटभर म्हणजे काय काम झालं?"

"तू तुझं बघ," दामयाना म्हणते.