चाचणीचे तीन दिवस

माझ्या सासूबाईंना स्वैपाकीण नको होती, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना स्वैपाकीण हवीच होती. फक्त तिने स्वैपाकघरात येऊ नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

सासूबाई, म्हणजे इंदुताई, लग्न होऊन नांदेडकडून इकडे तेलुगू मुलखात, बरकतपुऱ्यात आल्या, त्या दिवसापासून चूल त्यांची. चूल जाऊन वातीचा स्टोव्ह आला, स्टोव्ह जाऊन गॅस आला, राज्य मात्र बदललं नाही. मला त्या राज्यात कोथिंबीर निवडण्याचा अधिकार होता. पुढे बढती मिळून मी लसूण सोलायला लागले. मग एके दिवशी न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हातात जोर राहिला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता भाकरी थापणं बंद. इंदुताईंनी त्या डॉक्टरांचं नाव पुन्हा घरात काढू दिलं नाही.

नेमकी तेव्हाच मला बेगमपेठेत नोकरी लागली. नव्या नव्या खाजगी कंपन्या निघत होत्या, त्यातली एक. पगार माझ्या नवऱ्यापेक्षा, म्हणजे उदयपेक्षा, थोडा जास्त, हे आम्ही घरात मोठ्याने बोलत नव्हतो. अट एकच होती. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं आणि सकाळी नऊला खुर्चीवर असायचं. उदय म्हणाला, ‘‘स्वैपाकाचं जमलं तर जा की.’’ नवरे परवानगी अशीच देतात, नाही म्हणण्याचं काम दुसऱ्यावर सोपवून.

‘‘आगं, ठेव की स्वैपाकीण. मी काय नको म्हणायले का?’’ इंदुताई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतः मजकूर सांगितला. मी तो लिहून काचीगुड्याच्या सुरेश किराणावाल्याच्या दुकानात चिकटवला. माणसं चार. सकाळी साडेसहा ते साडेआठ, संध्याकाळी सहा ते आठ. सकाळी डबे आणि जेवण, संध्याकाळी भाकरी आणि एक कालवण. स्वैपाक मराठवाडी पद्धतीचा, चिंच बेताची, रविवारी मटण. पगार पाचशे. आधी तीन दिवस चाचणी, पसंत पडलं तरच काम. शेवटी त्यांनी एक ओळ घालायला लावली : नैवेद्याच्या आधी चव घेऊ नये. सुरेशने वाचून विचारलं, ‘‘वहिनी, बाई पाहिजे की सून पाहिजे?’’

पहिली आली चिक्कडपल्लीची पद्मावती. तेलुगू बाई, कामाला झटपट, हसतमुख. पहिल्या दिवशी सगळे बोटं चाटून जेवले. दुसऱ्या दिवशी वरण खारट. तिसऱ्या दिवशी भाजीही खारट. ‘‘गुणाची होती गं, पण हाताला अंदाज न्हाई,’’ इंदुताई इतक्या हळहळल्या की मलाच वाईट वाटलं. मग सावित्रीबाई आल्या. मटणाला हात लावणार नाही म्हणाल्या, तेही आम्ही चालवून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांची आमटी तोंडात धरवेना. सासरे लक्ष्मणराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचं मूळ त्यांना दिल्लीत सापडे. ‘‘हे पुडीतलं मीठ आलंय ना, त्याचा परिणाम. देशात कंपन्या शिरल्या की असंच होणार.’’ उदयने मान डोलावली. माझा रुजू व्हायचा दिवस सोमवारवर आला होता आणि घरात मिठाच्या धोरणावर चर्चा चालली होती.

त्या आठवड्यात मलकपेठेहून कोंडाबाई आली. मूळची नांदेडकडचीच. आल्या आल्या तिने पदर खोचला आणि सांगितलं, ‘‘आम्ही बौद्ध. आधी सांगितल्यालं बरं, नंतर कुणाच्या पोटात दुखाया नको.’’ लक्ष्मणरावांनी आयुष्यभर समतेवर भाषणं ठोकली होती. त्यांचा चहाचा कप मध्येच थांबला. इंदुताई मात्र म्हणाल्या, ‘‘हात धुतीस ना? मग झालं.’’ मला त्यांचा अभिमान वाटला. नंतर कळलं, यात अभिमानासारखं फार काही नव्हतं. त्यांच्या लेखी सगळ्या जातीधर्माच्या बाया सारख्याच होत्या, एकीनेही स्वैपाकघरात टिकायचं नव्हतं.

कोंडाबाईची भाकरी पापुद्रा सुटून फुगायची. पहिल्या दिवशी उदय एक भाकरी जास्त जेवला आणि म्हणाला, ‘‘आई, अगदी तुझ्यासारखी!’’ इतकं मूर्ख वाक्य त्याने पुन्हा कधी उच्चारलेलं मला आठवत नाही. इंदुताई त्या रात्री जेवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरत स्वैपाकघरातच होते. कोंडाबाईने वरण उतरवलं, भाकरीचा तवा ठेवला. इंदुताई देवाचं ताट न्यायला आत-बाहेर करत होत्या. ताट वाढण्याआधी कोंडाबाईने पळीतून दोन थेंब तळहातावर घेतले आणि जिभेला लावले.

‘‘नैवेद्याच्या आधी चाखलंस?’’ इंदुताई कडाडल्या.

‘‘आमच्यात नैवेद्य नसतो आक्का. वाढायच्या आधी चाखायची सवय हाय.’’ मग तिने आवाज खाली आणला. ‘‘मी मीठ एकदाच घातलं होतं.’’

इंदुताईंच्या डाव्या हाताच्या बोटांना अजून मीठ चिकटलेलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पद्मावती, सावित्रीबाई, देशात शिरलेल्या कंपन्या, सगळ्यांवरचा आळ ही या पाच बोटांची करणी होती आणि माझी नोकरी त्यात विरघळत होती. मी उदयला हाक मारायला तोंड उघडलं. कोंडाबाईने माझ्याकडे बघून ‘नको’ अशी नुसती मान हलवली.

तिने उरलेली शिजलेली डाळ वरणात घोटली, आधण ओतलं आणि पातेलं परत गॅसवर ठेवलं. मग इंदुताईंना म्हणाली, ‘‘आक्का, उद्यापासून मी कशातच मीठ घालत न्हाई. सगळं अळणी करून ठेवते. मीठ तुम्ही घाला. डावा हात चालतोय की तुमचा.’’

‘‘आन् बिघडलं तर?’’

‘‘नाव तुमचं.’’

इंदुताईंनी मिठाची बरणी कोंडाबाईच्या बाजूने उचलून आपल्या बाजूला ठेवली. ‘‘पाचशेच्या वर मिळायचे न्हाईत.’’

‘‘ह्या तीन दिवसांचे बी धरा. परीक्षा तुमची आसंल, राबले तर मी.’’

देवाला त्या दिवशी चाखलेलं वरण मिळालं. त्याने तक्रार केली नाही. मी सोमवारी नऊला खुर्चीवर होते.

पुढची सगळी वर्षं हेच चाललं. कोंडाबाई सगळं करून ठेवायची, आणि इंदुताई शेवटी येऊन, जगाचा कारभार आपल्यावाचून अडल्यासारखा चेहरा करून, डाव्या हाताने चिमटी सोडायच्या. पाहुण्यांनी स्वैपाक वाखाणला की त्या म्हणायच्या, ‘‘कोंडाबाई मदतीला असते ना!’’ कोंडाबाई आतून मोठ्याने हसायची. मी इंदुताईंना मनातल्या मनात फार नावं ठेवली, आणि त्यांच्या हातचं मीठ रोज डब्यात नेलं.

मागच्या पावसाळ्यात इंदुताई गेल्या. तेराव्यापर्यंत स्वैपाक नातेवाईकांनीच केला. चौदाव्या दिवशी कोंडाबाई कामावर आली. आम्ही पानावर बसलो. लक्ष्मणरावांनी पहिला घास घेतला आणि तो तसाच तोंडात धरून बसले. वरण अळणी होतं. भाजीही. मला रडू आवरेना, आणि मी आजवर ठेवलेली सगळी नावं त्या एका घासाबरोबर गिळली.

मी आत गेले. कोंडाबाई ओट्याला टेकून उभी होती. तिने बरणी माझ्यापुढे सरकवली.

‘‘तूच घाल गं,’’ मी म्हटलं.

‘‘माझं काम न्हाई ते. ठरलंय तसं.’’

मी घरात इतकी वर्षं राहिले होते आणि पातेलंभर वरणाला मीठ किती लागतं ते मला माहीत नव्हतं. अंदाजाने चिमटी टाकली, पुरेशी वाटेना, म्हणून आणखी टाकली. कोंडाबाईने पळीतून दोन थेंब तळहातावर घेतले, जिभेला लावले आणि डोळे घट्ट मिटले.

‘‘खारट?’’

‘‘आसू द्या, माधवीताई,’’ ती म्हणाली. ‘‘आज पहिलाच दिवस हाय तुमचा. आजून दोन हायत.’’